लाइट गेली, कोल्ड रूम गरम झाली: कोणता माल ठेवायचा, कोणता टाकायचा?



डेअरी, फ्रोझन, रेडी-टू-कुक किंवा केटरिंगच्या व्यवसायात असाल, तर हा प्रसंग तुमच्यावर कधी ना कधी येणारच. सकाळी शटर उघडता, कोल्ड रूम गप्प आहे, पंख्याचा आवाज नाही. दार उघडलं तर आत नेहमीसारखा गारठा लागत नाही. आत हजारो रुपयांचा माल पडलाय आणि अर्ध्या तासात पहिलं गिऱ्हाईक येणार आहे. काय करायचं?

बहुतेक दुकानांत यावेळी दोनच गोष्टी होतात. एक तर मालक पनीरचं पाकीट उघडून वास घेतो, "ठीक वाटतंय" म्हणतो आणि विकायला लावतो. नाहीतर घाबरून सगळा माल उचलून फेकतो. पहिल्यात गिऱ्हाइकाचं पोट आणि तुमचं नाव पणाला लागतं. दुसऱ्यात चांगला मालही कचऱ्यात जातो. खरा निर्णय दोनच आकड्यांवर होतो: मालाचं स्वतःचं तापमान किती आहे, आणि तो ५ अंशांच्या वर किती वेळ होता. आज हे दोन आकडे कसे काढायचे आणि त्यावरून एकेका वस्तूचा निर्णय कसा घ्यायचा, ते एका उदाहरणासकट बघू.

वास घेऊन का कळत नाही?

अन्नात दोन प्रकारचे जिवाणू असतात, असं सोप्या भाषेत समजा. एक प्रकार अन्न नासवतो. त्यानेच दूध फाटतं, पनीर चिकट होतं, वास येतो. दुसरा प्रकार माणसाला आजारी पाडतो, आणि त्याला वास, रंग किंवा चव बदलायची काही गरज नसते. म्हणजे वास येणारं अन्न टाकायचंच, पण वास न येणारं अन्न सुरक्षित आहे असं अजिबात नाही.

मग लोक म्हणतात, "उकळून घेऊ, तळून घेऊ, सगळं मरून जाईल." जिवाणू मरतील, हे खरं. पण काही जिवाणू वाढताना अन्नात विष सोडतात, आणि ते विष उकळून जात नाही. आपल्या हातांवर, नाकात असणारा स्टॅफिलोकॉकस हा त्यातलाच. दुधाच्या पदार्थांत, हाताळलेल्या शिजवलेल्या पदार्थांत तो वाढला आणि त्याने विष तयार केलं, की नंतर भाजी कितीही रटरट शिजवा, ते विष टिकतं. शिजवलेल्या भातात वाढणाऱ्या बॅसिलस सीरिअसचंही तसंच. आणि मासे विकणाऱ्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा: बांगडा, टूना यांसारखे मासे गार राहिले नाहीत की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवूनही जात नाही आणि परत फ्रीझ करूनही जात नाही. खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगावर पुरळ येतं, डोकं दुखतं.

म्हणून "गरम करून वाचवू" हा पर्याय यादीतूनच काढून टाका.

पहिला आकडा: मालाचं तापमान, हवेचं नाही

कोल्ड रूमच्या बाहेरच्या डिस्प्लेवर जो आकडा दिसतो, तो आतल्या हवेचा असतो. हवा पटकन तापते आणि पटकन गार होते. माल तसा नाही. दुधाच्या क्रेटच्या मधलं पाकीट तासन्‌तास गार राहतं, तर दाराजवळच्या वरच्या रॅकवरचं पनीर लवकर तापतं.

इथेच मोठा घोटाळा होतो. समजा लाइट परत आली, कॉम्प्रेसर सुरू झाला. अर्ध्या तासात डिस्प्ले ४ अंश दाखवू शकतो. मालक खूश होतो, "बघा, काही झालंच नाही!" पण हवा ४ अंशांवर आली तरी पनीर अजून १० अंशांवरच असतं, आणि ते खाली यायला कित्येक तास लागतात. म्हणून माल मोजायची वेळ म्हणजे तुम्हाला गडबड कळली तो क्षण. लाइट येण्याची वाट बघू नका. जितकं उशिरा मोजाल, तितका पुरावा पुसला जातो.

मोजायला सुई असलेला डिजिटल थर्मामीटर लागतो, ज्याला आपण प्रोब म्हणतो. तो बरोबर दाखवतोय का, हे तपासायला एका ग्लासात बारीक केलेला बर्फ आणि थोडं पाणी घ्या, सुई मधोमध धरा. ० अंशाच्या आसपास आकडा आला पाहिजे. एक अंशापेक्षा जास्त फरक असेल तर त्या थर्मामीटरवर निर्णय घेऊ नका.

बंद पाकिटात सुई खुपसायची नाही, नाहीतर तुम्हीच ते पाकीट खराब केलं. दोन पाकिटं एकमेकांवर घट्ट दाबायची, मधे सुई ठेवायची आणि आकडा थांबेपर्यंत वाट बघायची. उघड्या डब्यातल्या पदार्थात सुई आधी सॅनिटाइज करून थेट घालायची. प्रत्येक वस्तूला दोन ठिकाणी मोजा: जिथे सगळ्यात जास्त तापलं असेल तिथे, म्हणजे वरचा थर, कडा, दाराजवळची बाजू, आणि मधोमध. निर्णय नेहमी जास्त आकड्यावर घ्यायचा.

दुसरा आकडा: घड्याळ कधी सुरू झालं?

हा आकडा काढणं जास्त अवघड आहे, कारण लाइट रात्री जाते आणि तुम्ही घरी झोपलेले असता. तरी शोधायच्या जागा आहेत. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कुठे थांबलं ते बघा. शेजारच्या दुकानाच्या वॉचमनला विचारा. कोल्ड रूमच्या रजिस्टरमधली शेवटची नोंद बघा.

एक गोष्ट खास सांगतो, कारण ती बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. तुमची कोल्ड रूम थ्री-फेजवर असेल, तर एक फेज गेला तरी पॅनेलमधला सिंगल फेज प्रिव्हेंटर कॉम्प्रेसर बंद करतो. दुकानातले दिवे मात्र दुसऱ्या फेजवर असल्यामुळे लख्ख चालू असतात, सीसीटीव्हीसुद्धा चालू असतो. म्हणजे "लाइट तर होती!" हा पुरावा होऊ शकत नाही. रूम खरंच चालू होती का, हे फक्त तापमानाच्या नोंदीवरूनच कळतं.

आता नियम असा: माल ५ अंशांच्या वर नेमका कधी गेला हे तुम्ही दाखवू शकत असाल, तर तिथून वेळ मोजा. दाखवू शकत नसाल, तर लाइट गेल्याच्या वेळेपासून मोजा. लाइट कधी गेली हेही माहीत नसेल, तर शेवटच्या खात्रीच्या नोंदीपासून मोजा. रात्री १० ला "३ अंश" लिहिलंय आणि त्यानंतर काहीच नाही, तर घड्याळ १० ला सुरू झालं असं धरायचं. कडक वाटेल, पण माहिती नसताना अंदाज नेहमी वाईट बाजूनेच धरायचा असतो.

आणि हे घड्याळ लाइट आल्यावर थांबत नाही. माल परत ५ अंश किंवा त्याखाली आला की थांबतं. आदल्या दिवशी माल उतरवताना तो पाऊण तास काउंटरवर पडला असेल, तर तो पाऊण तासही यातच धरायचा. वेळेची बेरीज होत जाते, ती शून्यावर येत नाही.

५ अंश, २ तास, ४ तास

एफएसएसएआयच्या नियमांप्रमाणे गार ठेवायचे पदार्थ ५ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आणि फ्रोझन पदार्थ उणे १८ किंवा त्याखाली ठेवायचे असतात. ५ ते ६० अंशांच्या मधला पट्टा जिवाणूंना वाढायला सोयीचा. या पट्ट्यात अन्न किती वेळ चालेल, यासाठी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये एक साधा नियम वापरतात, आणि छोट्या दुकानाला तो अगदी सोयीचा आहे:

- ५ अंशांच्या वर एकूण २ तासांपेक्षा कमी वेळ: परत गार करून ठेवता येतं.
- २ ते ४ तास: लगेच वापरायचं, परत कोल्ड रूममध्ये ठेवायचं नाही.
- ४ तासांपेक्षा जास्त: टाकायचं.

कुणी विचारेल, "सर, पनीर ९ अंशांवर होतं, ३० वर नाही. तरी तोच नियम?" हो, तोच. ९ अंशांवर जिवाणू ३० अंशांपेक्षा हळू वाढतात, हे बरोबर आहे. पण नेमके किती हळू, हे त्या पदार्थावर आणि त्यात आधी किती जिवाणू होते यावर ठरतं, आणि ते दुकानात बसून मोजता येत नाही. नियम सोपा ठेवलाय तो याच कारणासाठी, म्हणजे सकाळी साडेसहाला तुमच्या मुलालाही तो वापरता यावा.

एक अट मात्र पाळा. पाकिटावर कंपनीने यापेक्षा कडक सूचना लिहिली असेल, तर ती आधी.

हा नियम कुणाला लागतो, कुणाला नाही

कोल्ड रूममधली प्रत्येक वस्तू सारखी धोक्याची नसते. हे वेगळं करता आलं की अर्धा माल तिथेच वाचतो.

धोक्याचा माल म्हणजे ज्यात ओलावा आहे, प्रथिनं किंवा शिजवलेलं पिठूळ काही आहे आणि आंबटपणा, मीठ किंवा साखर फारशी नाही. दूध, पनीर, खवा, क्रीम, कच्चं चिकन-मटण-मासे, शिजवलेला भात आणि भाज्या, खोबऱ्याची चटणी, कापलेली फळं आणि कापलेल्या भाज्या. यांना २ आणि ४ तासांचा नियम तंतोतंत लावायचा. दही आंबट असल्यामुळे पनीरपेक्षा कमी धोक्याचं असतं, पण विकायच्या मालाला दुधाचाच नियम लावा. घरी खाणं वेगळं आणि पैसे घेऊन देणं वेगळं.

कमी धोक्याचा माल म्हणजे बटर, घट्ट चीजचे ब्लॉक, लोणची, टोमॅटो सॉस, जॅम, अख्खी फळं आणि अख्ख्या भाज्या. एका रात्रीच्या गरमीने यांची प्रत कमी होईल, बटर मऊ पडेल, पालक सुकेल, पण आजारी पडायचा धोका फारसा नाही. इथे निर्णय डोळ्यांनी घेतला तरी चालतो.

फ्रोझन मालाचा हिशोब वेगळा आहे. दार न उघडलेला, गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला साधारण २४ तास. माल वितळला नाहीये, आत बर्फाचे खडे अजून आहेत किंवा तापमान ५ अंशांखाली आहे, तर तो परत फ्रीझ करता येतो. वटाणे थोडे गोळा होतील, पराठे चिकटतील, पण धोका नाही. पूर्ण वितळून ५ अंशांच्या वर गेला, तर त्याला गार मालाचाच नियम. आइस्क्रीम मात्र वितळायला लागलं की परत गोठवून विकायचं नाही.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू

समजा, तालुक्याच्या गावात एका ताईंचं डेअरी आणि रेडी-टू-कुकचं दुकान आहे. आठ बाय दहाची कोल्ड रूम आणि शेजारी एक डीप फ्रीझर. रात्री १० ला रजिस्टरमध्ये नोंद: ३ अंश. सकाळी ६:३० ला दुकान उघडलं तेव्हा लाइट नाही. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग रात्री १:२० ला थांबलेलं. म्हणजे ५ तास १० मिनिटं झाली. तापमानाची मधली नोंद काहीच नाही, म्हणून घड्याळ १:२० पासून धरायचं. ताईंनी लगेच प्रोब काढला आणि वही घेऊन आत गेल्या.

दाराजवळच्या वरच्या रॅकवर पनीरची २०० ग्रॅमची ४० पाकिटं. दोन पाकिटांमधे सुई: ११ अंश. धोक्याचा माल, ५ अंशांच्या वर, वेळ ४ तासांपेक्षा जास्त. टाकायचं. वास अगदी ताजा होता, तरीही.

दुधाचे सहा क्रेट, प्रत्येकी १२ लिटर, तीन-तीनच्या दोन थप्प्या. वरच्या दोन क्रेटमध्ये ८ अंश. खालच्या चार क्रेटमध्ये मधे ४.३ आणि कोपऱ्यात ४.९. वरचे दोन टाकायचे. खालचे चार ५ अंशांच्या वर गेलेच नाहीत, म्हणून ठेवायचे. पण ४.९ म्हणजे अगदी काठावर. ते लगेच बर्फात हलवायचे, "बघू दहा मिनिटांनी" चालणार नाही.

हॉटेलला द्यायची खोबऱ्याची चटणी, ५ किलो, स्टीलच्या डब्यात. मधोमध ६, कडेला ९ अंश. जास्त आकडा धरायचा, वेळ तीच. टाकायची. "हॉटेलवाला गरम फोडणी देतो" हे कारण इथे चालत नाही, आपण वर बघितलंच.

मॅरिनेट केलेलं चिकन, १२ किलो. हे आधीपासूनच थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फाच्या थरांत ठेवलेलं होतं. ३ अंश. ठेवायचं. बर्फ कमी झालाय तेवढा नवीन भरायचा.

कापलेल्या भाज्यांची पाकिटं, ६ किलो, १२ अंश. टाकायची. शेजारीच अख्खा फ्लॉवर, गाजर, सिमला मिरची होती, तीही तेवढीच तापलेली. ती ठेवायची. भाजी तीच, फक्त एक कापलेली आहे. सुरी लागली की सालीचं संरक्षण जातं आणि रस बाहेर येतो, तिथे जिवाणूंना खायला मिळतं.

बटर आणि चीजचे ब्लॉक १० अंश. ठेवायचे. आणि डीप फ्रीझर: गच्च भरलेला, रात्रभर बंद. वटाणे उणे १२, दगडासारखे कडक. पराठे तसेच. वरच्या थरातले आइस्क्रीमचे १५ कप मऊ, कडा वितळलेल्या. तेवढे कप बाहेर, बाकी सगळं ठेवायचं.

आता नुकसान मांडू. खरेदीचे भाव आपण धरून चालू: दूध २४ लिटर ५५ ने १,३२० रुपये. पनीर ८ किलो ३६० ने २,८८०. चटणी ८००. भाज्या ६००. आइस्क्रीम ३००. एकूण ५,९०० रुपये. सगळा माल फेकला असता तर चिकन, उरलेलं दूध, चीज आणि अख्खा फ्रीझरही गेला असता. आणि सगळा विकला असता तर? ती चटणी त्या दिवशी हॉटेलच्या शंभर प्लेटांमधे गेली असती.

एक लॉगर असता तर?

याच उदाहरणात एक गोष्ट बदलून बघा. वरच्या दुधाच्या क्रेटपाशी एक बॅटरीवर चालणारा डेटा लॉगर होता असं समजा. हे छोटं यंत्र दर काही मिनिटांनी तापमान नोंदवून ठेवतं. त्यात दिसलं की दुधाने ४:५० ला ५ अंश ओलांडले. मग ६:३० पर्यंत झाले १ तास ४० मिनिटं, म्हणजे २ तासांच्या आत. पाकिटं ताबडतोब बर्फ घातलेल्या स्वच्छ पाण्यात बुडवली आणि २ तास पूर्ण व्हायच्या आत ५ अंशांखाली आणली, तर ते २४ लिटर दूध नियमाने वाचतं. दूध तेच, तापमान तेच. फरक फक्त नोंदीचा.

पनीरसाठी हाच लॉगर ३ वाजता ५ अंश ओलांडल्याचं दाखवेल, असं धरा. ६:३० ला साडेतीन तास झाले. म्हणजे वापरायला उरला अर्धा तास. दुकानातून विकलेलं पनीर गिऱ्हाईक घरी नेऊन फ्रिजमध्ये ठेवणार, म्हणून ते विकता येत नाही. नोंद असली की सगळंच वाचतं असं नाही, पण कशाचं काय करायचं ते नक्की कळतं.

लॉगरचा सेन्सर हवेत मोकळा लटकवला तर दार उघडलं की आकडा उड्या मारतो. पाण्याने भरलेल्या छोट्या बाटलीत सेन्सर बुडवा आणि ती बाटली रूममधल्या सगळ्यात गरम जागी, म्हणजे दाराजवळ वरच्या रॅकवर ठेवा. मग तो मालासारखंच तापमान दाखवतो.

लाइट गेलेली असताना तुम्ही दुकानातच असाल तर

सगळ्यात आधी वेळ लिहा. दार बंद ठेवा आणि दारावर "उघडू नये" असा कागद लावा, कारण कामाला असलेली मुलं सवयीने उघडतात. वीज कंपनीत फोन करून किती वेळ लागेल विचारा. उत्तर "सांगता येत नाही" असं आलं, तर तासाभरात बर्फाची सोय करा. बर्फाच्या कारखान्याचा नंबर आणि ज्याच्याकडे जनरेटर आहे अशा एका ओळखीच्या व्यावसायिकाचा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा.

दार एकदाच उघडायचं आणि ठरवून उघडायचं. धोक्याचा माल थर्माकोलच्या बॉक्समध्ये बर्फासोबत भरायचा. आधी पनीर, चटणी, कापलेला माल, मग वरचे क्रेट. अख्ख्या भाज्या आणि लोणच्यांना हात लावू नका, ती तुमच्या मदतीशिवाय टिकतात.

टाकायचं ठरलं, मग नीट टाका

टाकायचा माल लगेच वेगळ्या क्रेटमध्ये काढा आणि त्यावर "विक्रीसाठी नाही" लिहा. पाकिटं फाडून रिकामी करा, कारण कचऱ्यातून बंद पाकीट उचलून कुणी खाल्लं किंवा विकलं, तर पाकिटावर लेबल तुमचं आहे. कामगारांना घरी न्यायला देऊ नका, गरजूंना वाटू नका. जे गिऱ्हाइकाला चालत नाही, ते कुणालाच चालत नाही.

टाकण्यापूर्वी फोटो काढा आणि वहीत एक ओळ लिहा: वस्तू, वजन, मोजलेलं तापमान, वेळ, निर्णय, सही. अन्नसुरक्षा अधिकाऱ्याने विचारलं तर दाखवायला हीच ओळ लागते, आणि विम्याचा दावा करायचा असेल तर तिथेही. लाइट जाऊन माल खराब झाला तर तुमच्या पॉलिसीत भरपाई आहे का, हे आत्ताच वाचून घ्या, कारण साध्या आगीच्या विम्यात ते असेलच असं नाही. जीएसटीमध्ये नोंदणी असेल, तर नष्ट केलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. तुमच्या सीएंना त्या महिन्याच्या रिटर्नआधी यादी द्या.

दारावर लावायचं कार्ड

एवढं सगळं सकाळच्या घाईत आठवणार नाही. म्हणून खालच्या ओळी मोठ्या अक्षरात लिहा, लॅमिनेट करा आणि कोल्ड रूमच्या दारावर लावा.

१. वेळ लिहा. लाइट कधी गेली? माहीत नसेल तर शेवटची नोंद कधीची?
२. लाइट येण्याची वाट न बघता माल मोजा. डिस्प्ले बघू नका.
३. सगळ्यात गरम जागेचा आकडा धरा.
४. ५ अंश किंवा खाली: ठेवा, लगेच बर्फ.
५. ५ च्या वर, २ तासांपेक्षा कमी: २ तास पूर्ण व्हायच्या आत ५ अंशांखाली आणा. २ ते ४ तास: लगेच वापर, विक्री नाही. ४ तासांपेक्षा जास्त: टाका.
६. बटर, घट्ट चीज, लोणची, अख्खी भाजी-फळं: बघून ठरवा.
७. फ्रोझन कडक आहे किंवा बर्फाचे खडे आहेत: ठेवा. आइस्क्रीम वितळलं: टाका.
८. वेळ माहीत नाही आणि माल धोक्याचा: टाका.

कार्ड लावल्यावर एक दिवस दुकान बंद करताना कामाच्या मुलांना बोलवा, खोटंच सांगा की "लाइट रात्री दीडला गेली," आणि त्यांना प्रोब घेऊन आत पाठवा. कुणी आधी पनीरचा वास घेतला, तर कार्ड अजून पुरेसं मोठं लिहिलेलं नाही.